टेपचं तुटलेलं तोंड

पहिला दगड अंतर मोजायच्या प्रिझमला लागला, दुसरा तो धरणाऱ्या आमच्या खलाशाच्या, म्हणजे मोजणीतल्या मदतनिसाच्या, कानावर. काचेचे तुकडे डांबरावर उडाले आणि खलाशी कान धरून मटकन खाली बसला. त्याच्या बोटांमधून निघालेलं रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. दगड मारणारा माणूस पळाला नाही. तो सावकाश रस्ता ओलांडून आला, प्रिझमची काठी उचलून गुडघ्यावर वाकवली, ओढ्यात फेकली. मग रस्त्यावर पसरून ठेवलेल्या आमच्या पिवळ्या टेपवर त्याने कोयत्याचा घाव घातला. टेपचं तोंड, म्हणजे कडीकडचा सुरुवातीचा भाग, तुटून बाजूला पडलं. तो तुकडा त्याने उचलला, खिशात कोंबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता मोजा."

मी ट्रायपॉडला मिठी मारून उभी होते. वर मोजणीचं दुर्बिणीचं यंत्र होतं आणि ते फुटलं असतं तर कंपनीने माझं कातडं सोलून भरपाई घेतली असती. पण खरं सांगायचं तर मिठी मारायचं कारण यंत्र नव्हतं. मी घाबरले होते आणि धरायला दुसरं काही नव्हतं.

रस्त्याची मोजणी हे माझं काम. शहराजवळच्या सूस गावात वाढले, तंत्रनिकेतनात शिकले आणि तेव्हापासून उन्हात उभी आहे. आमच्या सूसमध्ये भात पिकायचा तिथे आता सोसायट्या आहेत. माझ्या लहानपणी वावरात खुंट्या ठोकायला माणसं आली होती, तेव्हा वडिलांनी त्या उपटून चुलीत घातल्या होत्या. चहा झाला त्याच्यावर. त्यामुळे खुंटी बघून माणसाचं डोकं फिरतं ते का, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण म्हणून कोणी माझ्या माणसाचा कान फोडलेला मी खपवून घेते असं नाही. त्या दिवशी त्या माणसाला मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आम्ही मोजत होतो ते वळण कोळवणच्या खोऱ्यातलं. दोन्हीकडून सरळ येणारा रस्ता ओढ्याच्या काठावर कोपरासारखा एकदम मोडायचा. शनिवार-रविवारी शहरातून फार्महाउसकडे निघालेल्या गाड्या त्या कोपरावर भरधाव यायच्या आणि त्यातली एखादी वळायचीच नाही. आम्ही काम सुरू केलं त्याच आठवड्यात एक जीप ओढ्यात गेली. चालवणाऱ्याचं डोकं काच फोडून बाहेर आलेलं मी पाहिलं आणि दिवसभर जेवण गेलं नाही. त्याआधी याच कोयतेवाल्याची मेंढरं एका गाडीने चिरडली होती. रस्त्यावर आतडी पसरली होती आणि गाडीवाला उतरून आपला बंपर बघत होता, असं एसटी थांब्यावरचे लोक सांगायचे. तेव्हा या माणसाने गाडीवाल्याचे दोन दात पाडले होते.

म्हणजे वळण सुधारायला हवं हे त्यालाही मान्य होतं. त्याचं दुखणं निराळं होतं. त्याचं घर वळणाच्या आतल्या अंगाला होतं. वळण सोपं करायचं तर रस्ता आतल्या बाजूनेच घ्यावा लागतो, कारण बाहेर ओढा. ते घर त्याने आणि बायकोने मिळून बांधलं होतं. ओढ्यातला दगड पाठीवर वाहून आणलेला, पत्रा गेल्या उन्हाळ्यात टाकलेला, दारासमोर घडीव दगडाची एक पायरी. बाजूला शेळ्या-मेंढ्यांचा वाडा. थांब्यावर कोणीतरी त्याच्या कानात भरवलं की तुझं घर जाणार. बस्स, एवढं त्याला पुरलं.

घर जाणार नव्हतं. नकाशात स्पष्ट होतं. अंगणाची कड जाणार होती. नव्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून त्याची पायरी सहा मीटरवर होती आणि रस्ता, बाजूपट्टी आणि गटार मिळून मध्यरेषेपासून पाचच मीटर जाणार होते. पायरीपुढे एक मीटर मोकळा राहत होता. एक मीटर म्हणजे फार नाही, पण घर वाचायला तेवढा पुष्कळ.

दगडफेक झाली त्या दिवशी आमच्या तीन मुख्य खुंट्या आधीच काँक्रीटमध्ये बसवून झाल्या होत्या. वळण सुरू होतं तिथे एक, वळण संपतं तिथे एक, आणि दोन्ही सरळ रस्ते तसेच पुढे नेले तर जिथे एकमेकांना छेदतात तिथे, ओढ्याच्या काठावर, तिसरी. नव्या रस्त्याची मध्यरेषा दाखवणाऱ्या मधल्या खुंट्या तेवढ्या राहिल्या होत्या. कंत्राटदाराचा सुपरवायझर संध्याकाळी जीपमधून आला, फुटलेला प्रिझम पायाने ढकलून बघितला आणि म्हणाला पोलिसांत जायचं नाही, काम थांबतं. दुसरा प्रिझम दुसऱ्या साइटवर अडकला होता. मग अंतर मोजायचं कसं, असं मी विचारलं. तो म्हणाला टेपने मोजा, आधीचे लोक काय करत होते. टेप तुटलीय म्हटलं तर म्हणाला तोंडच तुटलंय ना, बाकीची आहे ना. कान फुटलेल्या खलाशाच्या जागी खडी टाकणाऱ्या टोळीतला एक गडी देतो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी होती.

टेपने वळण आखण्यात कमीपणा काही नाही. आम्हाला तंत्रनिकेतनात तेच आधी शिकवलं. रस्त्याचं वळण म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा. आमच्या वर्तुळाची त्रिज्या साठ मीटर, पण त्याचं केंद्र भातखाचराच्या चिखलात. तिथे दोरीचं टोक धरून कोणी वर्तुळ फिरवत नाही. त्याऐवजी वळणाच्या सुरुवातीला यंत्र उभं करायचं, ओढ्याकाठच्या खुंटीवर नजर लावून शून्य धरायचं आणि तिथून ठरलेला कोन आत वळवायचा. साठ मीटर त्रिज्येला पाच मीटरची जीवा, म्हणजे दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर, घेतली तर कोन येतो दोन अंश तेवीस मिनिटं आणि वर थोडे सेकंद. त्या नजरेत, यंत्रापासून पाच मीटरवर, पहिली खुंटी. मग कोन दुप्पट करायचा आणि पहिल्या खुंटीपासून पाच मीटरवर दुसरी. मग तिप्पट, दुसरीपासून पाच मीटर, तिसरी. कोन कायम यंत्रापासून, अंतर कायम मागच्या खुंटीपासून. टेपचं एक टोक मागच्या खुंटीवर धरून दुसरं टोक झुलवायचं, आणि यंत्रातली उभी रेष जिथे त्याला कापेल तिथे ठोकायचं. आमचा रस्ता एकूण साठ अंश वळत होता, म्हणून शेवटचा कोन त्याच्या निम्मा, बरोबर तीस. त्या तीस अंशांवर वळणाच्या शेवटाची काँक्रीटमधली खुंटी दिसली आणि बाराव्या खुंटीपासून तिथपर्यंत पावणेतीन मीटरच्या जरा वर अंतर उरलं, की वळण जुळलं. शेवटची खुंटी जुळेपर्यंत आधीच्या बारा खुंट्यांना काही अर्थ नसतो. हे आम्हाला ठाऊक असतं. बघणाऱ्याला नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र लावण्याआधी मी त्याच्या घरी गेले. बरोबर माझे जुने खलाशी होते, ज्यांना मी मामा म्हणते. मामा रस्त्यावरच म्हातारे झालेले, टेप धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. तो पायरीवर बसला होता, कोयता मांडीवर. बायको आत होती, तिचा फक्त आवाज येत होता, शेळ्यांवर ओरडण्याचा. मी त्याला सांगितलं की तुमचं घर जात नाही. पायरीपासून पावलं टाकून कुठवर गटार येईल आणि मधल्या खुंट्या कुठे पडतील तेही दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमी नगा बोलू बाई. तुमची खुटी बोलंल. खुटी कुटं पडतीया ते मी हितं बसून बगनार हाय."

मी म्हटलं बघा. मला ते आवडलंही. माणसाचा शब्द नको, खुंटीचा हवा, हे माझ्याच मनासारखं बोलला होता. मामांनी मात्र परत येताना सांगितलं की कोयता मांडीवरून खाली ठेवायला लावायला हवा होता.

टेपचा घाव ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास पडला होता. अशा टेपने काम करायची आमच्यात रीत आहे. मागचा माणूस एकच्या आकड्यावर धरतो आणि पुढचा एक वाढवून वाचतो. पाच हवेत तर सहावर खूण. ही रीत कोणी कोणाला तोंडाने शिकवत नाही. टेपचं तोंड तुटलेलं दिसलं की धरणाऱ्याचं बोट आपोआप एकवर जातं आणि पुढच्याचं सहावर. मामा आणि कान फुटलेला खलाशी वर्षानुवर्षं असंच करत आले होते, एकमेकांकडे न बघता. पण तो कान बांधून घरी पडला होता. पुढच्या टोकाला होता खडीच्या टोळीतला गडी, आणि त्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा टेप आली होती. मी त्याला सांगितलं दर पाच मीटरला. त्याने पाचचा आकडा बघितला आणि पाचवर बोट ठेवलं. मामांनी एकवर ठेवलं. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर होतं.

पहिल्या काही खुंट्या झटपट झाल्या. मी कोन लावायची, दुर्बिणीतून बघून हात करायची, गडी रॉड डावी-उजवीकडे सरकवायचा, मामा मागच्या खुंटीवर गुडघा टेकून टेप ताणायचे. खुंट्यांची ओळ डोळ्याला गुळगुळीत दिसत होती. हेच तर वाईट. कोन बरोबर आणि अंतर चूक असलं तरी वळण गुळगुळीतच पडतं, फक्त जास्त आवळलेलं पडतं. पाचऐवजी चार मीटर पडले तर साठच्या त्रिज्येचं अठ्ठेचाळीस होतं. सहाव्या खुंटीपर्यंत फरक सव्वा मीटरच्या आतबाहेर असतो, मोकळ्या रानात तो कोणाला कळायचा. त्यापुढे तो भराभर वाढतो. आणि दुर्बिणीला अंतर कळत नाही. दुर्बिणीत रॉड रेषेवर आहे की नाही एवढंच दिसतं. लांबचं आणि जवळचं एकावर एक चिकटल्यासारखं दिसतं.

दहाव्या खुंटीला तो पायरीवरून उठला. हे मला मामांनी नंतर सांगितलं. अकराव्याला त्याने अंगणात चार पावलं टाकली आणि खुंटीकडे बघत उभा राहिला. मामांनी त्याला म्हटलं की अजून शेवट जुळायचाय, जरा थांबा. गडी बारावी ठोकायला पुढे सरकला. पायरीपासून सहाऐवजी दीड मीटरवर.

मी बाराव्या खुंटीचा कोन लावला आणि दुर्बिणीला डोळा लावला. गड्याने खुंटी ठोकून पडताळायला तिच्यावर धरलेला लाल-पांढरा रॉड उभ्या रेषेवर होता. रॉडच्या मागे त्याच्या दाराची चौकट, इतकी जवळ की मला वाटलं काहीतरी चुकतंय. तेवढ्यात दुर्बिणीच्या गोलात एक दंड आला. मग कोयता. मग तो खाली गेला. आवाज ऐकू आला नाही, एवढ्या लांबून यायचा नाही. गोलात फक्त रॉड तिरका झाला आणि पडला आणि मग मामांचा पांढरा सदरा दिसला, पुढून लाल.

डोळा काढला तेव्हा मामांची किंकाळी पोहोचली. ते अकराव्या खुंटीशी गुडघ्यांवर बसले होते आणि एका हाताने दुसरा हात पकडून धरला होता. तो माणूस त्यांच्या समोर उभा होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सकाळी काय म्हनाला व्हता? सकाळी काय म्हनाला व्हता?" मामांना तो बोलत नव्हता. माझ्याकडे बघून बोलत होता.

ओढ्यावरच्या मोरीपाशी खडीची टोळी होती. ते सगळे धावले, मी पोहोचायच्या आधी. फावड्याच्या दांड्यांनी, लाथांनी, हाताला येईल त्या दगडाने त्यांनी त्याला मारलं. कोयता कोणीतरी वाड्यात फेकला. शेळ्या बिथरून कुंपणावर चढत होत्या. त्याची बायको मध्ये पडली तर तिला केसाला धरून बाजूला ओढली. तो पडला, पुन्हा उठायला गेला, त्याच्या तोंडावर बूट बसला. मी पोहोचले तेव्हा तो आडवा होता आणि हात डोक्यावर घेतले होते. मी खाली पडलेला रॉड उचलला आणि त्याच्या पाठीत मारला. लोखंडी टोकाकडून. एकदा, मग अजून एकदा. मामांचं रक्त मातीत जात होतं आणि मला तो माणूस मेला तरी चालेल असं वाटत होतं. दुसरं काही कारण नव्हतं, राग होता.

मग मी मामांकडे वळले. तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं. कोणाच्या तरी टॉवेलने हात आवळला, सुपरवायझरच्या जीपमध्ये घातलं. मामा शुद्धीवर होते. जीप वळवत असताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं बारावी खुंटी बसली का. मी हो म्हटलं. ते म्हणाले मग शेवट बघून घ्या.

म्हणून मी शेवट बघितला. पोलीस येईपर्यंत दुसरं करायला काही नव्हतं आणि हातांना काहीतरी हवं होतं. यंत्रापाशी जाऊन तीस अंश लावले. वळणाच्या शेवटाची काँक्रीटमधली खुंटी बरोबर उभ्या रेषेवर. कोनात काही चूक नव्हती. परत येऊन बाराव्या खुंटीपासून तिथपर्यंत टेप लावली. पावणेतीनच्या वर थोडं यायला हवं होतं. आले चौदा. पुन्हा मोजलं. चौदा. मी त्या अंगणात उभी राहिले आणि खाली बघितलं. टेपवर मामांचं रक्त पडलं होतं, आणि त्यांच्या अंगठ्याचा ठसा एकच्या आकड्यावर उमटला होता. टोळीतला गडी थोड्या अंतरावर बसला होता. त्याला मी विचारलं तू बोट कुठे धरत होतास. त्याने टेप हातात घेतली आणि पाचवर बोट ठेवून दाखवलं.

बारा जीवा, प्रत्येकीत एक मीटर कमी. खुंट्या आत, आत, आत सरकत गेल्या आणि त्याच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. त्याने कोयत्याने जो तुकडा तोडला होता, त्याच्यामुळेच. तो खोटं बघत नव्हता. खुंटी त्याला हेच सांगत होती की घर गेलं. आणि सकाळी मी त्याला सांगितलं होतं की जात नाही. दोघींमध्ये त्याने खुंटीवर विश्वास ठेवला, जसं त्याने आधीच सांगितलं होतं.

पोलिसांनी त्याला गाडीत घातलं तेव्हा त्याचा एक डोळा बंद झाला होता आणि पाय ओढत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि सांगायचा प्रयत्न केला, की खुंट्या चुकल्या आहेत, घर आहे. हवालदाराने मला बाजूला केलं. त्याने ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मामांच्या हाताची जखम भरत आली, पण त्या दोन बोटांशिवाय टेपला चिमटा बसत नाही. त्यांनी मला हॉस्पिटलात सांगितलं की मी त्या गड्याला एक सोडून वाच असं म्हणालो असतो तर झालं असतं. मग लगेच म्हणाले, पण कोण म्हणतं ते. आणि हसले. मला हसू आलं नाही. मी सुपरवायझरला शिव्या घातल्या, तोंडावर घातल्या, आणि त्याने मला काढूनही टाकलं नाही, कारण वळण पुरं करणारं दुसरं कोणी मिळत नव्हतं.

वळण पुन्हा आखायला गेलो तेव्हा बरोबर कान शिवलेला खलाशी होता आणि तोच खडीतला गडी. टेप नवी होती, कडीसकट. जुन्या बाराही खुंट्या आम्ही उपटल्या. अंगणातल्या शेवटच्या तीन खुंट्यांपाशी माती रक्ताने काळी पडली होती. मी कोन लावत गेले, पाच मीटर, पाच मीटर. आता खुंट्यांची ओळ घरापासून दूर वाकत गेली. बाराव्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत हवं तेवढंच अंतर भरलं, बोटभराचाही फरक नव्हता. वळण जुळलं. असं जुळलं की इतर वेळी मी सगळ्यांना चहा पाजते. त्या दिवशी कोणी चहाचं नाव काढलं नाही.

त्याची बायको सगळा वेळ दारात उभी होती. तिचा ओठ अजून सुजलेला होता. आम्ही गटाराच्या कडेची खूण ठोकली तेव्हा ती पायरी उतरून आली आणि खूण आणि पायरी यांच्यामध्ये उभी राहिली. तिचे दोन्ही पाय त्या एक मीटरमध्ये नीट मावले. तिने विचारलं, "ही हितंच ऱ्हानार का आता?"

हो, म्हटलं.

"आन घर?"

घर राहतं, मी म्हटलं. इथपर्यंत गटार. इकडे कोणी येणार नाही.

तिने खुणेवर टाच दाबून बघितली. मग म्हणाली, "मंग आदी का न्हाई ठोकली हितं?"

मला लई तऱ्हेची उत्तरं देता आली असती. मी तिला खरं ते सांगितलं. टेप तुटलेली होती, एक तुकडा कमी होता, एकाने धरून ठेवलं एकवर आणि दुसऱ्याने वाचलं पाचवर. तिला जीवा, त्रिज्या काही समजावलं नाही, त्याची गरज पडली नाही. टेप कोणी तोडली हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, त्यांना मी पण मारलं. तेही तिला ठाऊक होतं, तिने बघितलं होतं.

ती वळली आणि वाड्याकडे गेली. वाड्याचं दार काटक्यांचं, आणि ते खांबाला एका पिवळ्या पट्टीने बांधलेलं होतं. मी आतापर्यंत तिकडे नीट बघितलं नव्हतं. दहा, वीस, तीस, चाळीस. आकडे बाहेरच्या बाजूला, गाठीत ऐंशीपाशी कोयत्याने तिरकं तुटलेलं टोक, दुसऱ्या टोकाला कडी. तिने गाठ सोडायला घेतली. ती घट्ट बसली होती, दातांनी सोडावी लागली. मग तो तुकडा तिने माझ्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली. "लागतुया ना तुमास्नी. त्येंनी आनून हितं बांदला व्हता, शेळ्या भाईर याय लागल्या म्हून."

आता त्याचा उपयोग नव्हता. नव्या टेपला तोंड होतं. पण परत करता येईना. आतून शेळ्या दार ढकलायला लागल्या होत्या आणि दार बाहेर पडत होतं. ती दुसरी दोरी शोधायला घरात गेली. मी तो तुकडा खिशात घातला आणि ती येईपर्यंत दोन्ही हातांनी दार धरून उभी राहिले.